किती बिलं आली?

वेबिनार संपला की घेणाऱ्याला सगळे एकच विचारतात, "किती जण होते?" तोही स्क्रीनवरचा मोठ्यात मोठा आकडा सांगतो, आणि तो मोठा असला की कार्यक्रम झकास झाला असं ठरून जातं. धंद्यासाठी वेबिनार घेणाऱ्याला या आकड्याचा फारसा उपयोग नसतो. त्याला गिऱ्हाईक हवं असतं. निदान गिऱ्हाईक होऊ शकेल असं नाव तरी हवं असतं, ज्याच्याशी उद्या काहीतरी नेमकं बोलता येईल. धंद्याच्या भाषेत त्याला लीड म्हणतात. हे नाव मिळण्याची वाट कशी बांधावी लागते ते या लेखात एका उदाहरणाने सांगतो.

उदाहरणासाठी भुईगाव निवडलं आहे आणि धंदा निवडला आहे छपरावर सोलर बसवण्याचा. उदाहरणातला तरुण म्हणजे गावातली कुणी एक खरी व्यक्ती नाही, आणि नावनोंदणीचे आकडे हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत. गाव, योजना आणि अडचणी मात्र खऱ्या आहेत. भुईगाव घ्यायला कारणही आहे. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या भुईगाव, गास, निर्मळ, गिरीज अशा गावांत अजून स्वतःच्या मालकीची, स्वतःचं छप्पर असलेली घरं आहेत. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारची 'पीएम सूर्यघर' योजना आली. पहिल्या 2 किलोवॉटपर्यंत किलोवॉटला 30,000 रुपये, तिसऱ्या किलोवॉटला 18,000, म्हणजे घरगुती ग्राहकाला जास्तीत जास्त 78,000 रुपये अनुदान, असं तिचं गणित आहे. त्यामुळे सोलर बसवणारे पुष्कळ झाले आणि ज्याच्या त्याच्या फोनवर त्यांचे मेसेज येऊ लागले. अशा गर्दीत एखाद्या लहान व्यावसायिकाला वेबिनार उपयोगी पडू शकतो. एकच गोष्ट चाळीस घरांत जाऊन चाळीस वेळा सांगण्याऐवजी ती एकदा नीट सांगता येते.

आपल्या तरुणाने विषय म्हणून आधी 'सौरऊर्जा : काळाची गरज' असं लिहिलं. या नावाला कुणाचाच विरोध नसतो आणि तोच त्याचा दोष आहे. 2020 च्या टाळेबंदीत महाविद्यालयांनी असे शेकडो वेबिनार घेतले. शेवटी ई-प्रमाणपत्र मिळणार म्हणून लोकांनी नावं नोंदवली आणि कॅमेरा बंद ठेवून ते स्वयंपाकघरात निघून गेले. असं नाव दिलं की विद्यार्थी येतात, निवृत्त शिक्षक येतात, दुसरे सोलरवालेही येतात. ज्याला यंदा छपरावर काही बसवायचं आहे त्याला मात्र त्या नावात स्वतःचं घर दिसत नाही.

मग त्याने 'वीजबिल शून्य करा' असं लिहिलं. यावर गर्दी नक्की होते, पण पुढे पंचाईत होते. नेट मीटरिंगमध्ये आपण तयार केलेली युनिट वापरलेल्या युनिटांतून वजा होतात, तरी बिलातला स्थिर आकार उरतोच. वर्षाअखेर शिल्लक राहिलेल्या युनिटांचे पैसे मिळतात तेही आपण विजेला मोजतो त्यापेक्षा बऱ्याच कमी दराने. 'शून्य' हा शब्द ऐकून आलेल्या माणसाला हे दहाव्या मिनिटाला कळलं तर तो उठून जातो, आणि छपरावर पॅनल लागल्यानंतर कळलं तर गावभर सांगतो. गाव लहान आहे. दुसरी शक्यता कितीतरी महाग पडते.

विषय शेवटी त्याच्या फोनमध्येच सापडला. मागच्या तीन महिन्यांत चौकशीला आलेल्या लोकांनी काय काय विचारलं होतं ते त्याने आठवून आणि मेसेज चाळून वहीत लिहून काढलं. अनुदान किती, हा प्रश्न होताच, पण त्याचं उत्तर कुठेही मिळतं. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न तीन होते. आमच्या घरावर नारळाची सावली येते, चालेल का? समुद्र जवळ आहे, खाऱ्या हवेने सांगाडा सडेल का? आणि लाईट गेली तर सोलरवर पंखा चालेल का? हा तिसरा प्रश्न या पट्ट्यात उगाच येत नाही. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हाचा अंधार इथल्या लोकांना चांगला आठवतो. वेबिनारचं नाव ठरलं : 'माझ्या छपरावर सोलर बसेल का? नारळाची सावली, खारी हवा आणि लाईट गेल्यावर काय?' नाव लांब आहे, फ्लेक्सवर मावणार नाही. पण ज्याच्या अंगणात नारळ आहे तो मेसेज वाचताना थांबतो आणि बोरिवलीत चौथ्या मजल्यावर राहणारा पुढे जातो. नावाने माणसं बोलवायची असतात तशीच गाळायचीही असतात.

नावाखाली त्याने एकच ओळ लिहिली : 'येताना विजेचं बिल जवळ ठेवा.' सगळा वेबिनार मी या ओळीवर तोलतो. सोलर विकणाऱ्यासाठी नाव आणि नंबर म्हणजे लीड नव्हे. लीड म्हणजे बिल. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर असतो, मंजूर भार असतो, जोडणी सिंगल फेज की थ्री फेज ते असतं, आणि जोडणी कुणाच्या नावावर आहे तेही असतं. जो माणूस उठून कपाटातून बिल काढतो त्याने निम्मा निर्णय घेतलेला असतो. म्हणून त्या तरुणाने ठरवलं की वेबिनारचं यश किती बिलं आली यावर मोजायचं. हे आधी ठरलं म्हणून बाकीचं सोपं झालं.

तारीख आणि वेळ यांचा विचार त्याने अशा प्रश्नापासून सुरू केला जो सहसा कुणी विचारत नाही. घरातला निर्णय कोण घेतो? वसईच्या अनेक घरांत आईवडील इथे असतात आणि पैसे पाठवणारा मुलगा कुवेतला किंवा दुबईला असतो. त्याला वगळून वडिलांना पटवलं तर उत्तर मिळतं, "मुलाशी बोलून सांगतो," आणि मग पंधरा दिवस जातात. कुवेत आपल्या अडीच तास मागे आहे, दुबई दीड तास. शनिवारी दोन्हीकडे साप्ताहिक सुट्टी असते. आपले रात्रीचे 8 म्हणजे कुवेतचे साडेपाच आणि दुबईचे साडेसहा. 9 ठेवले असते तर वाडीतला माल घेऊन पहाटे निघणारी माणसं पेंगली असती. रविवारची सकाळ मिस्साची, ती नकोच. शनिवार, रात्री 8, असं ठरलं. महिना ठरला मे, कारण एप्रिलचं फुगलेलं बिल तेव्हा हातात असतं आणि पावसाआधी छप्पर पाहून घेता येतं. मे चुकला तर ऑक्टोबर बरा. पावसाळ्यात निसरड्या छपरावर माप घ्यायला चढू नये, आणि तेव्हा सोलरचा विषयही कुणाच्या डोक्यात नसतो.

प्रचाराला दोन आठवडे पुरतात. महिनाभर आधी नाव नोंदवलेला माणूस कशाला नोंदवलं ते विसरलेला असतो. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात एक मेसेज टाकायचा हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्या मेसेजचं आयुष्य पुढच्या दहा 'शुभ सकाळ'पर्यंतच असतं. ब्रॉडकास्ट यादीची अडचण वेगळी आहे. एका यादीत 256 नंबर बसतात आणि मेसेज फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी आपला नंबर साठवून ठेवला आहे. पुष्कळ जण यादी भरून पाठवतात आणि प्रतिसाद आला नाही म्हणून विषयाला दोष देतात. प्रत्यक्षात मेसेज पोचलेलाच नसतो.

सगळ्यात चांगली वाट म्हणजे जुनी गिऱ्हाइकं. ज्यांच्या छपरावर त्याने आधी काम केलं होतं त्यांच्याकडे तो गेला आणि एवढंच म्हणाला, "अंकल, तुमच्या ओळखीतल्या दोनच घरांना ही लिंक पाठवा. ज्यांचं छप्पर स्वतःचं आहे अशांनाच." दोनच म्हटलं की माणूस विचार करून निवडतो. दहा जणांना पाठवा म्हटलं तर तो गटात टाकून मोकळा होतो. महिला बचत गटाच्या बैठकीत त्याने पाच मिनिटं मागून घेतली. बिल भरायला कोण जातं आणि ते कुठे ठेवलेलं असतं हे घरात बहुतेक वेळा बाईलाच माहीत असतं.

प्रत्येक वाटेसाठी त्याने नोंदणीची वेगळी लिंक केली. गुगल फॉर्ममध्ये एखादं उत्तर आधीच भरून ठेवलेली लिंक बनवता येते. 'कुठून कळलं' या प्रश्नात जुनं गिऱ्हाईक, बचत गट, गावचा गट अशी उत्तरं भरून त्याने तीन लिंका तयार केल्या. एवढी तसदी घेतली नाही तर नंतर कळतच नाही की गर्दी कुठून आली आणि बिलं कुठून आली. या दोन्ही गोष्टी बहुधा एकाच ठिकाणाहून येत नाहीत.

फॉर्ममध्ये मोजके प्रश्न ठेवले : नाव, व्हॉट्सअ‍ॅप नंबर, गाव, छप्पर स्लॅबचं की पत्र्याचं की कौलांचं, वीजजोडणी कुणाच्या नावावर, आणि तुमचा एक प्रश्न. जोडणीचा प्रश्न पाहून मला तो तरुण कामाचा वाटला. आपल्याकडे घर तीन भावांचं असतं आणि मीटर अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर असतो. अनुदानासाठी अर्ज जोडणीधारकाच्या नावानेच होतो. म्हणजे अशा घरात आधी नावबदल, त्याआधी भावाभावांचं बोलणं, आणि मग सोलर. हे आधी कळलं तर त्या घराला वेगळा सल्ला देता येतो. नाही कळलं तर तीन फेऱ्या मारून झाल्यावर कळतं.

फॉर्मच्या तळाशी संमतीची खूण ठेवली : या विषयासाठी मला फोन किंवा मेसेज केला तर चालेल. ती आधीच भरलेली ठेवली नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कशासाठी माहिती घेतो ते सांगून, त्याच कामापुरती ती वापरायची, हा त्याचा गाभा आहे. बिलावर नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक सगळं असतं, म्हणून पहिल्या फेरीत ग्राहक क्रमांकावर बोट ठेवून फोटो काढला तरी चालेल, असंही त्याने लिहिलं. माझ्या मते त्या एका वाक्याने जेवढी बिलं येतात तेवढी कुठल्याही सवलतीने येत नाहीत.

आता ती शनिवारची रात्र. मोफत खात्यांची मर्यादा आधी पाहून ठेवावी : झूमवर 40 मिनिटं आणि 100 माणसं, गुगल मीटवर तीन किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर 60 मिनिटं. प्रश्न रंगात येतात साधारण चाळिसाव्या मिनिटालाच, तेव्हा या एका महिन्यापुरते पैसे भरावेत. दुसऱ्या घरी, दुसऱ्या कंपनीच्या इंटरनेटवर एक सोबती बसवावा. त्याला को-होस्ट करून ठेवलं की आपली लाईट गेली तरी सभा बंद पडत नाही. येणारे प्रश्न नावासकट लिहून घेण्याचं कामही त्यालाच द्यावं.

सुरुवातीला कंपनीची ओळख दहा मिनिटं चालली तर काय होतं ते नंतर हजेरीच्या अहवालात दिसतं. कोण किती वाजता आलं, किती वाजता गेलं, हे त्यात मिनिटानुसार असतं. बरीच माणसं एकाच मिनिटाला गेलेली दिसली तर रेकॉर्डिंगमध्ये ते मिनिट काढून बघावं. बहुतेक वेळा तिथे वक्ता स्वतःबद्दल बोलत असतो.

आपल्या तरुणाने ओळख एका वाक्यात उरकली आणि सर्वांत अवघड प्रश्न आधी घेतला. लाईट गेली तर साधं सोलर बंद पडतं. छपरावर ऊन असलं तरी बंद पडतं. खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला तुमच्या घरातून उलटा करंट जाऊ नये म्हणून इन्व्हर्टर आपोआप थांबतो. लाईट गेल्यावरही वीज हवी असेल तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो आणि खर्च बराच वाढतो. हे ऐकून काही जण निघून गेले तर जाऊ द्यावेत. जे थांबतात ते पुढचं सगळं विश्वासाने ऐकतात.

नंतर त्याने एक बिल सर्वांसमोर सोडवलं, नाव-क्रमांक झाकून. वर्षाचा वापर 3,600 युनिट, म्हणजे महिन्याला सरासरी 300. एका किलोवॉटचं सोलर दिवसाला साधारण 4 युनिट देतं, महिन्याला 120. 300 ला 120 ने भागलं की अडीच किलोवॉट येतात. अडीचला अनुदान 69,000 रुपये, तीनला 78,000. किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट मोकळी जागा लागते, म्हणजे तीनला 300. मग त्या छपराचा फोटो दाखवला. जागा 400 चौरस फूट होती, पण दक्षिणेला दोन नारळ होते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो आणि सावल्या लांबतात, त्यामुळे मे महिन्यात मोकळं दिसणारं छप्पर डिसेंबरात झाकलं जातं. एका पॅनलवर पडलेली सावली त्याच्या जोडीतल्या बाकीच्या पॅनलांचं उत्पादनही खाली ओढू शकते. त्याने स्पष्ट सांगितलं, "या घरावर मी दोनच किलोवॉट बसवीन." खाऱ्या हवेसाठी सांगाडा गरम जस्तात बुडवून काढलेला आणि नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, हेही त्याने तिथेच सांगितलं.

कमी विकण्याचा सल्ला ऐकला की लोकांचे हात बिलाकडे जातात. त्याने त्याच क्षणी मागणी केली : "तुमचं बिल आणि छपराचा एक फोटो या नंबरवर आत्ता पाठवा. सोमवारी रात्रीपर्यंत तुमच्या घराचा आकडा मी कळवतो, बसत नसेल तर बसत नाही म्हणून कळवतो." ही मागणी शेवटच्या मिनिटाला, आभारप्रदर्शनाबरोबर केली तर फुकट जाते. बिल सोडवून झाल्याबरोबर, प्रश्नोत्तरांच्या आधी ती करावी. प्रश्नोत्तरं चालू असताना लोक फोटो काढतात.

हिशोबापुरते आकडे धरू. 120 नोंदणी, 48 हजर, 19 बिलं. त्या 19 पैकी सहा ठिकाणी मीटर दुसऱ्याच्या नावावर किंवा छप्पर वादातलं. उरली 13. घरभेटी 9, कामं 3. कुणी म्हणेल, 120 नावांतून तीनच? पण आता गळती कुठे आहे ते दिसतं. 48 जणांतून चारच बिलं आली असती तर मागणी चुकीच्या वेळी केली असं समजायचं. 19 बिलांतून एकच घरभेट झाली असती तर फोन उशिरा गेले. आणि गावच्या गटातून 70 नोंदण्या होऊन दोनच बिलं आली, जुन्या गिऱ्हाइकांच्या लिंकवरून 20 नोंदण्यांतून 11 आली, तर पुढच्या वेळी दिवस कुठे घालवायचे ते ठरून जातं.

खरं काम रात्री साडेनऊला सुरू होतं. त्याने वहीत तीन रकाने केले. बिल पाठवलेले, प्रश्न विचारलेले पण बिल न पाठवलेले, आणि नुसते ऐकून गेलेले. पहिल्या रकान्याला रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी फोन. फोनचं पहिलं वाक्य 'मी अमुक कंपनीतून बोलतोय' असं नव्हतं. "मावशी, तुमचं बिल बघितलं. एप्रिलमध्ये 410 युनिट आणि डिसेंबरात 190, एवढा फरक एसीचा आहे का?" असं विचारल्यावर समोरचं माणूस फोन ठेवत नाही. एसी असेल तर मुलगा सुट्टीवर आल्यावर वापर किती वाढतो ते बोलणं निघतं, आणि किती किलोवॉट हे तिथेच ठरतं. घरभेट आठवड्याच्या आत व्हावी, शक्यतो सकाळी 9, दुपारी 12 आणि 3 यांपैकी दोन वेळांची सावली बघता येईल अशी.

दुसऱ्या रकान्यातल्या प्रत्येकाला त्याच्याच प्रश्नाचं उत्तर लिहून पाठवलं. रेकॉर्डिंग पाठवलं ते तासाभराचं नाही, त्या प्रश्नाचा तीन-चार मिनिटांचा तुकडा. नाव नोंदवून न आलेल्यांना बिल सोडवल्याचा तुकडा पाठवला. तिसऱ्या रकान्याला एक आभाराचा मेसेज, दहा दिवसांनी एक आठवण, आणि मग थांबायचं. 'नको' असं उत्तर आलं की नंबर त्याच दिवशी यादीतून काढायचा. लोकांना विचारल्याशिवाय नव्या गटात भरायचं नाही. असा गट सोडून गेलेला माणूस पुन्हा फोन उचलत नाही.

वहीला चौथा रकाना नंतर पडला, 'नंतर' म्हणणाऱ्यांचा. मीटर आजोबांच्या नावावर आहे, नावबदलाचा अर्ज केला आहे. मुलगा नाताळला येणार आहे. छप्पर गळतं, आधी ते करायचंय. यांना बहुतेक विक्रेते सोडून देतात, आणि मला ती मोठी चूक वाटते. यांनी नकार दिलेला नसतो, तारीख दिलेली असते. ती तारीख वहीत लिहून त्या आठवड्यात फोन करायचा आणि पहिल्यांदा सोलरचं नाही, नावबदलाचं काय झालं ते विचारायचं. त्या शनिवारची काही कामं जानेवारीत होतात.

या सगळ्यात पैशांपेक्षा जास्त दिवस लागतात : विषय शोधायला दोन, गाठीभेटींना पाच-सहा, वेबिनारचा एक आणि नंतरचे आठ-दहा. एकटा माणूस हे महिन्यातून एकदा करू शकतो, त्याहून जास्त नाही. वेबिनार घ्यायच्या विचारात असाल तर आधी कॅलेंडर उघडून रविवार आणि सोमवार बघा. ते दोन दिवस फोन करायला तुम्ही मोकळे नसाल तर शनिवार पुढे ढकला.